सोळा मात्रांचा चरण मधोमध तोडला तर

लघूची एक मात्रा, गुरूच्या दोन. मग ठरावीक मात्रांचा चरण लघु-गुरूंच्या किती वेगवेगळ्या मांडण्यांनी भरता येईल? ‘वृत्तजातिसमुच्चय’ या प्राकृत ग्रंथाच्या कर्त्याने, विरहांकाने, याचे उत्तर चरणाच्या शेवटच्या अक्षरात शोधले. ते लघु असेल तर आधीचा भाग एका मात्रेने लहान, गुरू असेल तर दोन मात्रांनी. म्हणून प्रत्येक संख्या ही मागच्या दोन संख्यांची बेरीज: १, २, ३, ५, ८, १३, २१, ३४. हेमचंद्राने ११५० च्या सुमारास हाच नियम सांगितला. ज्याच्या नावाने ही माला जगभर ओळखली जाते, त्या फिबोनाचीचा ग्रंथ १२०२ चा.

नियम सोपा, पण चाल मुंगीची. मागच्या दोन संख्या हाती आल्याशिवाय पुढची मिळत नाही. १ वर १८ शून्ये इतक्या मात्रांची संख्या हवी असेल आणि यंत्र सेकंदाला शंभर कोटी बेरजा करत असेल, तरी ३१ वर्षांहून अधिक लागतील.

यातून सुटण्याची वाट मराठी कवितेच्या ओळखीच्या वृत्तातच दिसते. पादाकुलकाचा चरण सोळा मात्रांचा, आठ-आठच्या दोन आवर्तनांचा. आवर्तनाची सीमा काटेकोर पाळली तर दोन्ही अर्ध्यांच्या मिळून ३४ × ३४, म्हणजे ११५६ मांडण्या होतात. सीमा न पाळता मोजायचे असेल, तर मधल्या रेषेवर आडवा पडलेला एखादा गुरूही धरावा लागेल. तेव्हा त्याच्या दोन्ही बाजूंना सात-सात मात्रा उरतात, आणि सात मात्रांच्या मांडण्या २१. म्हणून २१ × २१, म्हणजे ४४१. एकूण १५९७. नवव्यापासून पंधराव्यापर्यंतची एकही संख्या मोजावी लागली नाही.

मॅट्रिक्स हीच तोडणी नीट नोंदवून ठेवते. दोन ओळी, दोन स्तंभ. पहिल्या घरात हव्या त्या मात्रांची संख्या, शेजारच्या आणि खालच्या घरांत एक मात्रा कमी असलेली, तिरप्या कोपऱ्यात दोन कमी असलेली. एका मात्रेची मॅट्रिक्स घेऊन तिला तिनेच गुणत जायचे:

```
 १ मात्रा     १    १  /   १    ०
 २ मात्रा     २    १  /   १    १
 ४ मात्रा     ५    ३  /   ३    २
 ८ मात्रा    ३४   २१  /  २१   १३
१६ मात्रा  १५९७  ९८७  / ९८७  ६१०
```

शेवटच्या ओळीतले १५९७ हे ३४ आणि २१ यांच्या वर्गांची बेरीज आहे, म्हणजे वरचीच मोजणी. नियम रेषीय असल्यामुळे, म्हणजे मागच्या पदांना ठरलेल्या संख्यांनी गुणून बेरीज करण्याइतकाच असल्यामुळे, अनेक पावले एका मॅट्रिक्समध्ये गोळा करता येतात. पदांचा गुणाकार नियमात शिरला की ही युक्ती संपली.

सोळा ही सोयीची संख्या होती. तेरा असेल तर? इथे पिंगल मदतीला येतो, विरहांकाच्याही कितीतरी शतके आधीचा. अक्षरवृत्तांची संख्या काढण्यासाठी त्याला दोनाचे घात हवे होते. संख्या सम असेल तर निम्मी करा, विषम असेल तर एक वजा करा, आणि शून्यावर पोहोचलात की उलटे परत या; निम्मे केले तिथे वर्ग, एक वजा केला तिथे एक गुणाकार. तेराचा उतार १२, ६, ३, २, १, ०. परतताना १, २, ३, ६, १२, १३. बाराव्या घाताची मॅट्रिक्स २३३, १४४ / १४४, ८९. तिला मूळ मॅट्रिक्सने एकदा गुणले की पहिल्या घरात ३७७. त्या अठरा शून्यांच्या संख्येलाही असे ५९ वर्ग आणि फार तर तितकेच जादा गुणाकार लागतात. प्रत्येकात साध्या संख्यांचे आठ गुणाकार धरले तरी एकूण हजाराच्या आत.

मात्र इथे एक चलाखी आहे आणि पुस्तके ती पुष्कळदा झाकतात. मोजले जातात गुणाकार, वेळ नव्हे. दहा लाख मात्रांची संख्या दोन लाखांहून अधिक अंकी असते, आणि तेवढ्या लांब संख्यांचा शेवटचा वर्गच बहुतेक श्रम खातो. वेळ खरोखर लॉगरिदमिक राहतो तो संख्यांची लांबी बांधलेली असेल तेव्हाच. म्हणून स्पर्धांतले प्रश्न उत्तराला १,००,००,००,००७ ने भागून उरणारी बाकी मागतात. बाकी प्रत्येक गुणाकारानंतर घ्यायची. ती राहिली, तर चिन्हासह ६४ बिटांच्या साठ्यात ९२ मात्रांची संख्यासुद्धा मावत नाही, आणि यंत्र तक्रार न करता भलतेच, कधी ऋण, उत्तर देते.

उत्तर तपासायला दहावीतला निश्चयक पुरतो. मूळ मॅट्रिक्सचा निश्चयक उणे एक, म्हणून सम घाताचा अधिक एक, विषमाचा उणे एक. बाकी घेतली तरी हे टिकते. सोळासाठी १५९७ × ६१० मधून ९८७ चा वर्ग वजा केल्यावर नेमका १ उरतो. चुकीच्या घरातले उत्तर उचलले तर मात्र निश्चयक काही सांगत नाही. त्यासाठी एक, दोन, तीन मात्रांची उत्तरे १, २, ३ येतात का ते पाहावे.

एकवीस मात्रा घेऊन हे कागदावर करून पाहा. चार वर्ग आणि दोन जादा गुणाकार पुरतील, आणि पहिल्या घरात १७७११ यायला हवेत.