पानाच्या माथ्यावर एकटे 'होते'

एखाद्या गावच्या वाचनालयाच्या सुवर्णमहोत्सवाची सोळा पानांची पुस्तिका छापायला जायची आहे असे समजा. मजकूर तपासून झाला आहे, फोटो बसले आहेत. सातवे पान वाचून वाचक पान उलटतो, आणि आठव्याच्या माथ्यावर त्याला एकच शब्द भेटतो: 'होते.' त्याखाली लगेच नवा परिच्छेद. वाक्याचा सगळा अर्थ मागच्या पानावर राहिला आणि क्रियापद तेवढे पुढे आले.

परिच्छेदाची शेवटची ओळ अशी एकटीच पुढच्या पानावर गेली की छपाईवाले तिला विडो म्हणतात. उलट परिच्छेदाची पहिलीच ओळ पानाच्या तळाशी राहिली आणि बाकीचा परिच्छेद पुढे गेला, तर ती ऑर्फन. तिसरा दोष पानाच्या मध्येही होतो. परिच्छेदाच्या शेवटच्या ओळीत चिमुकला एक शब्द उरतो आणि त्याच्यापुढे सगळी ओळ कोरी राहते.

मराठीत हा शेवटचा दोष फार दिसतो, कारण आपले वाक्य क्रियापदावर संपते आणि ते क्रियापद बहुतेक वेळा 'आहे', 'होते', 'जाते' इतके आखूड असते. पुढच्या परिच्छेदाची सुरुवात आत सरकवलेली असेल, तर अडचण आणखी वाढते. त्या मोकळ्या जागेइतकाच 'आहे' भरतो आणि दोन परिच्छेदांमध्ये एक ओळ चुकून सुटल्यासारखे वाटते.

दुसरे कारण आपल्या शब्दांच्या लांबीत आहे. हिंदीत 'विद्यार्थियों के लिए' हे तीन शब्द होतात, मराठीत 'विद्यार्थ्यांसाठी' हा एकच. विभक्तीचे प्रत्यय आणि शब्दयोगी अव्यये शब्दाला जोडूनच येत असल्याने ओळीत मोकळ्या जागा कमी पडतात. दोन्ही कडा सरळ ठेवून जुळवलेल्या मजकुरात लांब शब्द खाली गेला, की त्याने सोडलेली जागा उरलेल्या थोड्याशा फटींत वाटली जाते आणि ओळ विरळ दिसते. रोमन लिपीत अशी ओळ सावरायला अक्षरांमधले अंतर किंचित कमी-जास्त करतात. देवनागरीत हा मार्ग बंदच समजावा. अंतर वाढवले तर शिरोरेषा जागोजागी तुटते, कमी केले तर अक्षरे एकमेकांवर चढतात. त्यामुळे हातात उरते ते शब्दांमधले अंतर, आणि त्यालाही मर्यादा आहे. शिरोरेषेतला खंड हीच शब्द संपल्याची खूण असते. तो फार अरुंद झाला तर दोन शब्द एकच वाटू लागतात.

आता त्या सोळा पानी पुस्तिकेकडे वळू. ए-५ आकार, ११० मिलिमीटर रुंदीची ओळ, पानावर ३० ओळी. सातव्या पानाच्या तळाशी सहा ओळींचा परिच्छेद आहे. त्यातल्या पाच ओळी तिथे मावल्या आणि सहावी, म्हणजे 'होते', आठव्यावर गेली. पहिला उपाय संगणकच सुचवतो. वर्डमध्ये 'Widow/Orphan control' ही सोय असते, इनडिझाइनमध्ये 'Keep Options'मध्ये परिच्छेदाच्या सुरुवातीच्या आणि शेवटच्या किमान दोन ओळी एकत्र ठेवायला सांगता येते. पण ती चालू केली की पाचवी ओळही आठव्या पानावर जाते. सातव्यावर २९ ओळी उरतात, समोरच्या सहाव्यावर ३०, आणि दोन्ही पानांचे तळ जुळत नाहीत. शिवाय पुढचा सगळा मजकूर एक ओळ खाली सरकतो. सोळावे पान आधीच काठोकाठ भरलेले असेल, तर त्यातली ओळ सतराव्यावर जाते. मध्ये पिन मारलेल्या पुस्तिकेची पाने चारच्या पटीतच येतात, म्हणून एका ओळीपायी सोळाची वीस पाने होतात.

म्हणून सातव्या पानावरच एक ओळ वाचवायची. ती त्याच परिच्छेदातून निघेल का? एका ओळीत साधारण नऊ शब्द, म्हणजे आठ फटी. पाच पूर्ण ओळींत ४० फटी. ११ पॉइंटच्या अक्षरात फट सुमारे एक मिलिमीटरची धरली आणि 'होते'ला त्याच्या आधीच्या फटीसकट दहा मिलिमीटर लागले, तर प्रत्येक फट पाव मिलिमीटरने आवळावी लागेल. हे फार झाले, ओळी गच्च दिसतील. पण त्याच पानावर वरच्या बाजूला अकरा ओळींचा परिच्छेद आहे आणि त्याच्या शेवटच्या ओळीत फक्त 'आहे' उरला आहे. तिथे दहा पूर्ण ओळींत ८० फटी मिळतात, आणि 'आहे'ला सात-आठ मिलिमीटर पुरतात. प्रत्येक फटीतून जेमतेम एक दशांश मिलिमीटर काढला तर 'आहे' वर चढतो, पानावर एक ओळ मोकळी होते आणि खालचा 'होते' आपल्या परिच्छेदात परत येतो. शब्द अखंडच हलतात, त्यामुळे हा हिशोब अंदाजाचा आहे. खरे काय ते पडद्यावर करून पाहावे लागते. पण दुरुस्तीसाठी लांब परिच्छेद शोधायचा, हे सूत्र पक्के.

अंतराने काम भागले नाही तर शब्दांना हात लावावा लागतो, आणि तो लेखकाला विचारूनच. 'करण्यात आले होते'ऐवजी 'केले होते', 'त्याचप्रमाणे'ऐवजी 'तसेच' एवढ्यानेही ओळ वाचते, आणि बहुतेक वेळा वाक्यही सुधारते.

ओळींची टोके मात्र आधीच बांधून ठेवता येतात. 'वि. स.' एका ओळीच्या शेवटी आणि 'खांडेकर' दुसरीच्या आरंभी, 'रु.' वर आणि '५००' खाली, असे होऊ नये म्हणून मध्ये न तुटणारी मोकळी जागा टाकतात. वर्ड आणि लिब्रेऑफिसमध्ये Ctrl+Shift+Space दाबले की ती मिळते. परिच्छेदाच्या शेवटच्या दोन शब्दांमध्येही ती टाकली तर 'झाले होते' जोडीनेच खाली येते. शब्द तोडायचाच असेल तर तो प्रत्ययाच्या सांध्यावर तोडावा, 'विद्यार्थ्यां-साठी' असा. जोडाक्षराच्या मध्ये कधीच नाही. जुन्या, युनिकोड नसलेल्या फाँटमध्ये संगणकाला मात्रा आणि अक्षर यांचे नाते कळत नाही, म्हणून तिथे आपोआप शब्द तोडण्याची सोय बंद ठेवलेली बरी. हाताने टाकलेली रेघ किंवा Shift+Enter मारून तोडलेली ओळ हा सर्वांत धोक्याचा उपाय आहे. नंतर एक शब्द जरी बदलला, तरी ती रेघ ओळीच्या मध्यावर येऊन बसते.

हे सगळे काम शेवटचे मुद्रितशोधन आटोपल्यावर आणि पहिल्या पानापासून पुढे असेच करायचे. सातव्या पानावर एक ओळ वाचली की आठव्यापासून सगळे सरकते आणि नवा विडो नवव्यावर तयार होऊ शकतो. मग फाँट समाविष्ट केलेली पीडीएफ तयार करून समोरासमोरची पाने कागदावर छापून पाहावीत. छापखान्याला मूळ फाइल देऊ नये. तिथल्या संगणकावर फाँटची आवृत्ती निराळी असली तर जुळवलेल्या ओळी पुन्हा हलतात.