फेऱ्यांचा आकडा आणि प्रत्यक्ष बल

उंदराच्या यकृतातून मायटोकॉन्ड्रिया वेगळे करताना कृतीत ‘10,000 g, 10 मिनिटे’ असे लिहिलेले असते, कारण कणांना तळाशी ढकलते ते सापेक्ष अपकेंद्री बल, म्हणजे गुरुत्वाच्या किती पट ओढ पडते ते माप, आणि मिनिटाला होणाऱ्या फेऱ्यांवरून रोटरची त्रिज्या कळल्याशिवाय ते काढता येत नाही.

```
RCF = 1.118 × 10⁻⁵ × r × rpm²
```

येथे r म्हणजे अक्षापासूनचे अंतर, सेंटीमीटरमध्ये. नळीच्या तळाशी ते 10 असल्यास 10,000 g साठी सुमारे 9,460 फेऱ्या लागतात. त्याच फेऱ्या 8 सेंटीमीटरच्या रोटरवर ठेवल्यास बल 8,000 g वर उतरते आणि काही मायटोकॉन्ड्रिया वरच्या द्रवातच राहतात, जे त्या द्रवातील सायटोक्रोम ऑक्सिडेजची क्रिया मोजल्यास उघड होते.

त्याआधी 600 g वर केंद्रके व न फुटलेल्या पेशी बसवून काढणे आवश्यक असते. या दोन्ही पायऱ्यांना स्थिरकोन रोटर सोयीचा ठरतो, कारण तिरप्या नळीत कणांना थोडेच अंतर कापावे लागते. मायक्रोसोमांना मात्र सुमारे 1,00,000 g लागत असल्याने तेथे अल्ट्रासेंट्रिफ्यूजच हवे. नोंदवहीत फेऱ्यांसोबत रोटरचे नाव आणि त्रिज्या कमाल धरली की सरासरी, हेही लिहावे.