लॅपटॉप घेण्याआधी रकान्यांचा हिशेब

डेटा सायन्ससाठी लॅपटॉप घ्यायला निघालेला माणूस बहुतेक वेळा प्रोसेसर आणि ग्राफिक्स कार्डाच्या तुलनेत गुंततो. रोजचं काम मात्र अडतं ते रॅमपाशी, आणि रॅम किती लागेल हे खरेदीआधीच कागदावर काढता येतं.

न्यूयॉर्कच्या पिवळ्या टॅक्सींच्या फेऱ्यांची माहिती सर्वांसाठी खुली आहे. जानेवारी 2015 या एका महिन्याच्या नोंदीत सुमारे 1 कोटी 27 लाख ओळी आणि 19 रकाने आहेत. पायथनच्या पांडाज लायब्ररीत एक आकडा सहसा 8 बाइट जागा घेतो. गुणाकार केला की जवळपास 2 जीबी होतात. तारखेचे दोन रकाने मजकूर म्हणून वाचले गेले, तर एकेका तारखेला 8 ऐवजी साठ-सत्तर बाइट लागू शकतात आणि आकडा साडेतीन जीबीच्या आसपास जातो. नेमकं काय झालंय ते असं कळतं:

```
df.memory_usage(deep=True)
```

एवढ्यावर भागत नाही. दोन तक्ते जोडताना किंवा क्रम लावताना मध्येच नव्या प्रती तयार होतात. पांडाजचे जनक वेस मॅकिनी यांचा ठोकताळा असा की, डेटाच्या पाच ते दहापट रॅम हवी. म्हणजे या एका महिन्यासाठी 16 जीबी जेमतेम, 32 जीबी निवांत.

वर्षभराच्या साडेचौदा कोटी ओळी घेतल्या तर नुसते आकडेच 22 जीबी भरतील. इथे मी आणखी महाग यंत्र सुचवणार नाही. लागणारे चारच रकाने पार्केट फाइलमधून उचलले आणि आकडे 4 बाइटांत ठेवले, तर तेच वर्ष सव्वादोन जीबीत मावतं.

रॅम कमी पडतेय हे ओळखणं सोपं आहे. प्रोसेसर रिकामा दिसतो, डिस्क मात्र सतत राबते, कारण रॅममध्ये न मावलेला भाग डिस्कवर ये-जा करत असतो. अशा वेळी वेगवान प्रोसेसर काहीच मदत करत नाही.

अधूनमधून मॉडेल शिकवायचं असेल, तर ग्राफिक्स कार्डाची स्वतःची मेमरी बघा. अ‍ॅडम पद्धतीने साधं प्रशिक्षण देताना प्रत्येक पॅरामीटरला 16 बाइट लागतात: 4 त्याच्या किमतीचे, 4 ग्रेडियंटचे, 8 अ‍ॅडमच्या दोन नोंदींचे. 11 कोटी पॅरामीटरच्या बर्ट-बेसला त्यामुळे पावणेदोन जीबी लागतात. मधल्या थरांचे हिशेब धरूनही, बॅच लहान ठेवली तर 8 जीबीच्या कार्डावर ते शिकवता येतं. 700 कोटींच्या मॉडेलला याच पद्धतीने 112 जीबी लागतील. वर्षातून दोनदा येणाऱ्या अशा कामासाठी क्लाउडवर तासाच्या भाड्याने यंत्र घ्यावं, आणि वाचलेले पैसे रॅमवर घालावेत.

पैसे देण्याआधी एक मात्र विचाराच: रॅम बोर्डावर पक्की बसवलेली आहे की मोकळा स्लॉट आहे? पक्की असेल, तर नंतर वाढवता येणार नाही. मग 32 जीबी आजच घ्या.