भाऊबीजेनंतर पोहोचलेला फराळ आणि त्यामागून जाणारं पत्र

दिवाळीचा फराळ घरून बनवून बाहेरगावी पाठवणाऱ्यांचा व्यवसाय आता चांगलाच मोठा झाला आहे. त्यातला सगळ्यात अवघड प्रसंग म्हणजे खोका वेळेवर न पोहोचणं. चकल्या उत्तम झालेल्या असतात, पण भाऊबीज होऊन गेलेली असते. अशा वेळी ग्राहकाला काय लिहायचं?

एक उदाहरण घेऊ. समजा, पुण्यातल्या एका फराळवाल्या ताईंकडे 60 ऑर्डर होत्या. खोक्याची किंमत 1,600 रुपये, कुरियरचे 200 रुपये वेगळे, आणि कबुली वसुबारसेपर्यंत पोहोचवण्याची. त्यांनी ऑर्डर घेणं थांबवायला उशीर केला. शेवटचे खोके कुरियरकडे गेले तेव्हा तिथे आधीच पार्सलांचे ढीग होते. 27 खोके लक्ष्मीपूजनाच्या आधी, पण कबुलीपेक्षा एक-दोन दिवस उशिरा मिळाले. 11 खोके भाऊबीजेनंतर मिळाले.

या दोन गटांना एकच पत्र पाठवणं ही पहिली चूक. पहिल्या गटाचा सण साजरा झाला. गेला तो निर्धास्तपणा. त्यांना कुरियरचे 200 रुपये परत करणं रास्त आहे. दुसऱ्या गटाचा फराळ ज्या दिवसासाठी होता, तो दिवसच हुकला. त्यांचे पूर्ण 1,800 रुपये परत जायला हवेत. हिशेब 5,400 अधिक 19,800, म्हणजे 25,200 रुपये. एकूण 1,08,000 रुपयांच्या विक्रीतला हा जवळपास चौथा हिस्सा, म्हणून हात आखडतो. मग सुचते ती ‘पुढच्या खरेदीवर 20 टक्के सूट’. ही भरपाई नव्हे. आपल्या चुकीची किंमत वसूल करण्यासाठी ग्राहकाने पुन्हा खर्च करावा, असं ती सांगते. दुखावलेल्या माणसाला ते लगेच कळतं.

पत्र तक्रारीची वाट पाहत थांबू नये. उशीर होणार हे कळलं त्याच दिवशी एक छोटा निरोप जायला हवा. त्यामुळे भावाच्या घरी ताट वाढायचं असेल, तर बहिणीला जवळच्या दुकानातून काही आणता येतं. सविस्तर पत्र नंतर. दुसऱ्या गटासाठी ते असं असावं:

‘सप्रेम नमस्कार. तुमचा फराळ वसुबारसेपर्यंत पोहोचवू, असं मी कबूल केलं होतं. तो भाऊबीजेनंतर पोहोचला. झेपतील त्यापेक्षा जास्त ऑर्डर मी घेतल्या आणि खोके कुरियरकडे उशिरा दिले. चूक माझी आहे आणि मी मनापासून क्षमा मागते. तुमचे पूर्ण 1,800 रुपये येत्या शुक्रवारपर्यंत तुमच्या खात्यावर जमा होतील. खोका परत पाठवायची गरज नाही. चकली-करंजीला खवट वास येत असेल तर कृपया खाऊ नका. काही विचारायचं असेल तर फोन मीच उचलेन.’

या पत्रात ‘आपली गैरसोय झाली असल्यास’ हे शब्द मुद्दाम नाहीत. गैरसोय झालीच आहे. ‘असल्यास’ म्हटलं की ग्राहकाच्या त्रासावरच शंका घेतल्यासारखं होतं. कुरियरचाही उल्लेख दोष देण्यासाठी नाही. पैसे ग्राहकाने ताईंना दिले होते, कुरियरवाल्याला नाही. त्याच्याशी भांडण असेल तर ते ताईंनी वेगळं निस्तरावं. आणि खवट वासाचं वाक्य फार महत्त्वाचं: तळणीचा पदार्थ आठवडाभर उन्हातान्हात फिरला तर त्यातलं तेल बिघडू शकतं.

कायद्याची बाजूही ठाऊक असावी. 2020च्या ई-कॉमर्स नियमांनुसार, ऑनलाइन बाजारपेठेतून विकणारा विक्रेता ठरल्या तारखेपेक्षा उशिरा पोहोचलेला माल परत घ्यायला किंवा त्याचे पैसे परत द्यायला नकार देऊ शकत नाही. आवाक्याबाहेरच्या आपत्तीमुळे उशीर झाला असेल तरच सवलत आहे. दरवर्षी येणारी दिवाळीची गर्दी त्यात बसवणं कठीण. पैसे मिळत नसतील तर ग्राहक 1915 या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार करू शकतो.

पत्राची खरी परीक्षा शुक्रवारी असते. पैसे पाठवल्यावर व्यवहार क्रमांकासह एका ओळीचा निरोप द्यावा, त्यात तुळशीच्या लग्नाच्या लाडवांची जाहिरात जोडू नये. एखाद्याचे पैसे अडकले तर त्याला शनिवारी सकाळी ताईंचाच फोन जावा. आणि पुढच्या वर्षीच्या ऑर्डरच्या पानावर ‘शेवटची तारीख’ कुरियरवाल्याला विचारून, त्याने सांगितलेल्या दिवसाच्याही चार दिवस आधीची छापावी.