थंड पाण्याचा व्हॉल्व्ह: स्प्रिंग, सिग्नल आणि कंट्रोलरची आठवण

ठाण्यातला वागळे इस्टेट असो की डोंबिवली एमआयडीसी, कारखान्यातला कंट्रोल व्हॉल्व्ह बहुधा हवेवर चालतो. डोंबिवलीच्या रंग आणि औषध-मध्यस्थांच्या कारखान्यांत रिअॅक्टरभोवती जॅकेट असते आणि त्यातून थंड पाणी फिरते. क्रिया उष्णता सोडणारी असेल, तर या पाण्याच्या व्हॉल्व्हवर सगळी भिस्त असते.

डायफ्रॅमच्या एका बाजूला हवा आणि दुसऱ्या बाजूला स्प्रिंग असते. हवा गेली की स्प्रिंग व्हॉल्व्हला आपल्या बाजूला नेते. थंड पाण्याचा व्हॉल्व्ह म्हणून ‘हवा गेली की उघडा’ असा घेतात, तर त्याच जॅकेटला वाफ देणारा व्हॉल्व्ह ‘हवा गेली की बंद’ असा. हा निर्णय लोखंडात बसवलेला असतो, संगणकातून बदलता येत नाही. स्प्रिंग नसलेला दुहेरी हवेचा ॲक्चुएटर मात्र हवा गेल्यावर कुठे थांबेल हे सांगता येत नाही. त्याला राखीव हवेची टाकी आणि ट्रिपचा व्हॉल्व्ह लागतो.

हवा आणि व्हॉल्व्ह यांच्यामध्ये पोझिशनर बसतो. कंट्रोलरच्या ॲनालॉग आउटपुट कार्डातून ४ ते २० मिलिअँपिअरचा प्रवाह येतो. पोझिशनर दांडा प्रत्यक्ष कुठे आहे ते पाहतो आणि मागणीशी जुळेपर्यंत हवा वाढवतो किंवा सोडतो. बहुतेक पोझिशनर याच प्रवाहावर जगतात. प्रवाह साधारण ३.६ मिलिअँपिअरच्या खाली गेला की ते बंद पडतात, हवा सोडून देतात आणि पुढचे काम स्प्रिंग करते. पावसाळ्यात ड्रायर नीट चालला नाही तर हवेतले पाणी पोझिशनरच्या बारीक नॉझलमध्ये साचते. मग व्हॉल्व्ह अडखळत हलतो, आणि पडद्यावर तापमानाची रेघ करवतीसारखी दिसू लागते.

खरी गफलत उलटवण्यात होते. ऑपरेटरला पडद्यावर ०% म्हणजे बंद आणि १००% म्हणजे पूर्ण उघडा असे हवे असते. पण हवा गेल्यावर उघडणाऱ्या व्हॉल्व्हला बंद ठेवायला जास्तीत जास्त हवा लागते. म्हणून कुठेतरी उलट करावे लागते. ते कार्डात केले, तर ०% ला २० मिलिअँपिअर जातात, ४०% ला १३.६ आणि १००% ला ४. प्रवाह घसरत ४ वर आला किंवा तार तुटून शून्य झाला, दोन्ही वेळा व्हॉल्व्ह उघडतो. उलट करणे पोझिशनरवर सोपवले, तर ४ मिलिअँपिअर म्हणजे बंद. तार तुटली की पोझिशनर मरतो आणि व्हॉल्व्ह उघडतो, पण कार्ड बिघडून ४ वर बसले तर पोझिशनर जिवंत राहून पाणी बंद करतो. एकाच तारेवरचे दोन बिघाड व्हॉल्व्हला विरुद्ध दिशांना नेतात. त्यामुळे या जागी कार्डात उलट करणेच बरे. शिवाय बिघाडाच्या वेळी कार्डाने शेवटचे मूल्य धरून ठेवावे की ठरावीक मूल्यावर जावे, हेही निवडावे लागते. ‘धरून ठेवा’ हा पर्याय स्प्रिंगचा सगळा विचार फोल करू शकतो.

तिसरा प्रश्न मॅन्युअलमधून ऑटोत जाण्याचा. समजा, रिअॅक्टरचा सेटपॉइंट ७० अंश आहे आणि तापमान ७४. ऑपरेटरने व्हॉल्व्ह हाताने ४०% वर ठेवला आहे. कंट्रोलरचा गेन अंशाला ३%, म्हणजे ४ अंशांच्या फरकामुळे प्रमाणाचा भाग १२% येतो. उरलेला वाटा इंटिग्रलचा, म्हणजे साठत गेलेल्या चुकीच्या आठवणीचा. जुन्या ऑटोमधले ६५% त्या आठवणीत तसेच पडून असतील, तर ऑटो दाबताच आउटपुट ७७% होते. ३७ टक्क्यांची ती उडी रिअॅक्टर एकदम गार करते. क्रिया मंदावते, पण कच्चा माल मात्र पडतच राहतो, आणि न जळलेला तो साठा नंतर एकदम पेटतो. ही भीती अनेकांना उलटी वाटते, कारण जास्त थंड करणे सुरक्षित वाटते.

धक्का टाळायला कंट्रोलर मॅन्युअलमध्ये असताना दर स्कॅनला इंटिग्रल उलटे मोजतो: ४० वजा १२, म्हणजे २८. ऑटो दाबले की आउटपुट ४० वरच राहते. इंटिग्रलचा वेळ १० मिनिटे असेल, तर तिथून ते मिनिटाला सुमारे १.२% या वेगाने वाढू लागते. काही ठिकाणी मॅन्युअलमध्ये सेटपॉइंटलाच तापमानामागे चालवतात. मग फरकच उरत नाही, पण बॅचच्या रिअॅक्टरमध्ये ते घातक ठरू शकते, कारण ऑटो केल्यावर कंट्रोलर ७४ अंशच राखू पाहतो आणि रेसिपीतले ७० हरवतात.

ही गणना आउटपुटवर चालते, दांड्यावर नाही. कोणी जागेवर हँडव्हील फिरवून व्हॉल्व्ह २०% वर अडकवला असेल, तर कंट्रोलर ४०% समजून चालतो. हँडव्हील सोडताच व्हॉल्व्ह ४०% वर उडी मारतो. पोझिशनरचा पोझिशन फीडबॅक परत आणला असेल तर मागणी आणि जागा यांतला फरक दिसतो. काही टक्क्यांहून मोठा फरक अर्धा मिनिट टिकला तर अलार्म द्यावा. हँडव्हील सोडण्याआधी लूप मॅन्युअलवर घेऊन आउटपुट प्रत्यक्ष जागेवर आणावे.

चाचणी शटडाउनमध्ये, रिअॅक्टर रिकामा असताना होते. आधी ४, ८, १२, १६ आणि २० मिलिअँपिअर देऊन दांडा कुठे थांबतो ते चढताना आणि उतरताना पाहतात. दोन्हींतला फरक घर्षण दाखवतो. मग हवेचा कॉक बंद करतात, नंतर हवा परत देऊन तार काढतात, शेवटी कार्डाला बिघाडाचा आदेश देतात. तिन्ही वेळा दांडा पूर्ण उघड्या टोकालाच गेला पाहिजे. चाचणी शीटवर या तीन नोंदी वेगळ्या ठेवतात, कारण एक पास झाली म्हणून बाकीच्या दोन झाल्या असे धरता येत नाही.