पाच नंबरच्या कोठडीचं भोक

1971च्या युद्धात विमान पडून पाकिस्तानच्या हाती लागलेले भारतीय हवाई दलाचे बारा वैमानिक रावळपिंडीच्या छावणीत होते. त्यांना गुन्हेगार म्हणून ठेवलेलं नव्हतं. 1949च्या जिनिव्हा करारानुसार युद्धकैद्याने फक्त नाव, हुद्दा, क्रमांक आणि जन्मतारीख सांगायची. त्याला पत्रं आणि रेडक्रॉसची पार्सलं मिळतात, दरमहा थोडा भत्ताही मिळतो. अधिकाऱ्यांच्या छावणीत सर्वांत वरिष्ठ कैदी हा बाकीच्यांचा प्रमुख मानला जातो. रावळपिंडीत ते काम विंग कमांडर कोएलो पाहत.

खायला-प्यायला ठीक होतं. छळत होती ती अनिश्चितता. जुलै 1972मध्ये सिमला करार झाला, तरी सुटकेची तारीख कोणी सांगेना. शिक्षा झालेल्या कैद्याला दिवस मोजता येतात, युद्धकैद्याला तेवढाही आधार नसतो.

फ्लाइट लेफ्टनंट दिलीप पारुळकर यांनी पळून जायचं मनाशी पक्कं केलं होतं. ग्रेवाल आणि हरीश सिंहजी त्यांना सामील झाले. मग दिवसाला काम आलं. सुईला चुंबकत्व देऊन होकायंत्र केलं, वैमानिकाच्या जी-सूटमधून पाण्याच्या पिशव्या काढल्या, भत्त्यातले पैसे साठवले. पाच नंबरच्या कोठडीची भिंत रात्री थोडी थोडी पोखरायची आणि कोणी तरी पहारेकऱ्यावर नजर ठेवायची, असा क्रम सुरू झाला. पळणारे तिघेच असले, तरी बेत साऱ्या कोठड्यांचा झाला. छावणीत मनोबल टिकतं ते अशा सामायिक कामावर.

12 ऑगस्टच्या रात्री वादळी पावसाचा फायदा घेऊन तिघं भोकातून बाहेर पडले आणि बसने पेशावरला, तिथून लंडी कोतलला पोचले. अफगाण सरहद्द काही किलोमीटरवर राहिली होती. तिथे त्यांनी लंडी खान्याला कसं जायचं ते विचारलं. त्या गावचं रेल्वेस्थानक 1932मध्येच बंद पडलं होतं! स्थानिकांना संशय आला आणि तिघं पकडले गेले. आपण पाकिस्तानी हवाई दलाचेच, असं सांगत पारुळकरांनी छावणीच्या माजी प्रमुखाला, उस्मान हमीद यांना, फोन लावायला लावला. हमीद यांनी ओळख दिली, म्हणून जीव वाचला.

पळण्याचा फसलेला प्रयत्न हा करारानुसार गुन्हा नाही, तो शिस्तभंग आहे आणि त्याला जास्तीत जास्त तीस दिवसांची शिक्षा देता येते. पण किंमत इतरांनाही मोजावी लागते: मागे राहिलेल्यांवर बंधनं वाढतात. म्हणूनच वरिष्ठ कैदी अशा बेतांकडे सावधपणे पाहतात.

1 डिसेंबर 1972ला सारे भारतात परतले. म्हणजे न पळताही हे तिघं साडेतीन महिन्यांनी घरी पोचलेच असते. मात्र ऑगस्टमध्ये ही तारीख छावणीत कोणालाच ठाऊक नव्हती.