एकच फाइल, दोन बेरजा

वाळूज एमआयडीसीत दुचाकीचे पत्र्याचे भाग ठोकून देणारी बरीच प्रेस-शॉप्स आहेत. त्यांच्या ऑफिसात मशीनच्या धडधडीइतकीच महत्त्वाची गोष्ट म्हणजे कॉस्टिंगची एक्सेल शीट. पोलादाचा दर बदलला की वरच्या कोपऱ्यातल्या एका सेलमध्ये नवा आकडा टाकायचा आणि खालचे सगळे भाव आपोआप बदलायचे, अशी तिची रचना असते.

समजा एका ब्रॅकेटचं ग्रॉस वेट 1.25 किलो आहे आणि नेट वेट 0.95. म्हणजे 0.30 किलो स्क्रॅप. पोलादाचा दर किलोला 62 रुपये, स्क्रॅपचा 30. तर मटेरियलचा खर्च 77.50 वजा 9, म्हणजे 68.50 रुपये. महिन्याला 20,000 नग धरले तर 13,70,000. आता पोलाद 65 झालं. नगामागे 72.25 आणि एकूण 14,45,000 व्हायला हवेत. कॉस्टिंगवाल्याने 65 टाकले, फाइल सेव्ह केली, मेल केली. थोड्या वेळाने अकाउंट्समधून फोन आला.

“साहेब, माझ्याकडे चौदा पंचेचाळीस येतंय. तुम्ही मघाशी ग्रुपवर टाकलेल्या स्क्रीनशॉटमध्ये तेरा सत्तर आहे.”

“मॅडम, फाइल तीच आहे. मीच पाठवलीय.”

दोघंही खरं बोलत होते. एकच फाइल, एका अक्षराचाही फरक नाही, आणि दोन पडद्यांवर 75,000 रुपयांचं अंतर.

हे समजायला सेलच्या आत डोकवावं लागतं, आणि ते फार सोपं आहे. एक्सेलची फाइल म्हणजे खरं तर झिप केलेलं गाठोडं. तिच्या एखाद्या प्रतीचं नाव बदलून शेवटी .zip लावा, उघडा, आणि शीटची एक्सएमएल फाइल वाचा. आपल्या ब्रॅकेटचा सेल तिथे असा दिसेल:

```
<c r="E6">
  <f>C6*$B$1-(C6-D6)*$B$2</f>
  <v>68.5</v>
</c>
```

`f` म्हणजे फॉर्म्युला, `v` म्हणजे शेवटच्या वेळी आलेलं उत्तर. दोन्ही शेजारी शेजारी, पण वेगवेगळे लिहिलेले! मला तर हे पहिल्यांदा कळलं तेव्हा शीटकडे बघण्याची नजरच बदलली. आपण समजतो की पडद्यावरचा आकडा म्हणजे आत्ता चाललेला हिशेब. प्रत्यक्षात तो आधी कधीतरी झालेल्या हिशेबाची नोंद असते. एरवी एक्सेल ती इतक्या तत्परतेने ताजी करत राहतं की फरक जाणवतच नाही. दराचा सेल बदलला की त्यावर अवलंबून असलेले सेल, मग त्यांच्यावर अवलंबून असलेले, अशा साखळीतल्या प्रत्येकावर ‘शिळा’ अशी खूण होते आणि तेवढेच सेल पुन्हा मोजले जातात. मॅन्युअल मोडमध्ये खूण होते, पण मोजणी F9 दाबेपर्यंत थांबते. कॉस्टिंगवाल्याचं एक्सेल याच मोडवर होतं.

आता कुणी विचारेल, सेव्ह करताना तरी हिशेब व्हायला नको का? होतो. मॅन्युअल मोडमध्येही सेव्हच्या आधी मोजणी करण्याचा पर्याय मुळात चालूच असतो. पण फाइल जड असली की प्रत्येक सेव्हला वाट बघावी लागते, म्हणून कुणीतरी कधीतरी Recalculate workbook before saving वरची टिक काढून टाकतो. मग xl/workbook.xml मध्ये हे उरतं:

```
<calcPr calcId="191029" calcMode="manual"
  calcCompleted="0" calcOnSave="0"/>
```

हिशेब पुरा झालेला नाही, हे फाइल स्वतःच सांगते आहे. फक्त माणसाला दिसेल अशा जागी सांगत नाही.

तरीही मॅडमच्या पडद्यावर बरोबर बेरीज कशी आली? ऑटोमॅटिक की मॅन्युअल, ही गोष्ट फाइलमध्ये लिहिलेली असते खरी, पण चालते ती सगळ्या एक्सेलवर मिळून एकच. आणि ती कोण ठरवतं? त्या वेळी सगळ्यात आधी उघडलेली फाइल. मॅडमनी सकाळी आल्या आल्या बँकेची साधी फाइल उघडली होती. ती ऑटोमॅटिक होती, म्हणून एक्सेल ऑटोमॅटिक. त्यानंतर आलेल्या कॉस्टिंगच्या फाइलमधलं ‘मॅन्युअल’ एक्सेलने मानलंच नाही. ती उघडली आणि राहिलेला हिशेब पुरा केला. त्यांनी सकाळी पहिली हीच फाइल उघडली असती, तर त्यांनाही तेरा सत्तरच दिसले असते, आणि कदाचित वाद झालाच नसता. पाऊण लाखाचा फरक कुठली फाइल आधी उघडली यावर ठरावा, हे मला अजूनही अद्भुत वाटतं.

उलट दिशेने हीच गोष्ट जास्त त्रासदायक आहे. कॉस्टिंगवाल्याने मॅन्युअल फाइल आधी उघडली, मग त्याच एक्सेलमध्ये हजेरीची शीट उघडली, दोन नोंदी केल्या आणि सेव्ह केली. हजेरीची शीट आता मॅन्युअल म्हणून सेव्ह झाली. तिच्या सेटिंगला कुणी हात लावलेला नाही. उद्या ती तिसऱ्याच्या टेबलावर पहिली उघडली की तिथे नंतर उघडून सेव्ह केलेल्या फाइल्सही तशाच. मुळाशी बहुधा एखादा मॅक्रो असतो. तो वेगासाठी मोजणी बंद करतो, मध्येच एररला अडकतो, आणि ती परत चालू करणारी ही ओळ चालतच नाही:

```
Application.Calculation = xlCalculationAutomatic
```

शिळी शीट ओळखणं अवघड का जातं? कारण ती स्वतःशी अगदी जुळते. ओळींची बेरीज आणि खालचा एकूण आकडा, दोन्ही जुन्याच दराचे. कॅल्क्युलेटरने ताळा केला तरी जमतो. दोन बेरजांमधला फरक शून्य आहे का हे तपासणारा सेल कुणी हुशारीने ठेवला असेल, तर तोही मोजलेला नसतो. विसंगती एकाच ठिकाणी दिसते: वरचा दर 65 आणि खाली 68.50. ती पकडायला एक ओळ हाताने मोजावी लागते. दुसरी खूण म्हणजे फॉर्म्युला खाली ओढल्यावर सगळ्या ओळींत एकच आकडा येणं. तिसरी खिडकीच्या तळाच्या पट्टीवर, डावीकडे: Calculate हा एकटा शब्द. मायक्रोसॉफ्ट 365 च्या नव्या आवृत्त्यांत शिळ्या आकड्यांवर काट मारलेली दिसू शकते. ही सोय 2023 मध्ये आली. इतकी वर्षं का लागली, कोण जाणे.

F9 मात्र एक्सेलहूनही जुनी. 1983 च्या लोटस 1-2-3 मध्ये हिशेबासाठी हीच की होती. त्याआधी 1979 मध्ये डॅन ब्रिकलिन आणि बॉब फ्रँकस्टन यांच्या व्हिझिकॅल्कमध्ये उद्गारचिन्ह दाबून शीट पुन्हा मोजायला लावता येई. त्या काळच्या मशीनवर प्रत्येक आकड्यानंतर सगळं मोजत बसणं परवडणारं नव्हतं. आजही हजारो लुकअप असलेल्या फाइलमध्ये एक दर टाकून काही सेकंद थांबावं लागतं, तेव्हा मॅन्युअल मोड वापरण्यात काही गैर नाही.

F9 उघड्या असलेल्या सगळ्या फाइल्समधले शिळे सेल मोजते. Shift+F9 फक्त समोरची शीट. कॉस्टिंग ताजं होतं आणि दुसऱ्या शीटवरचा गोषवारा जुनाच राहतो, असा घोळ तिथूनच होतो. खुणांवरच विश्वास नसेल तर Ctrl+Alt+F9 सगळे फॉर्म्युले नव्याने मोजते. त्यानंतर Formulas मधल्या Calculation Options मध्ये Automatic निवडून फाइल सेव्ह करायची, आणि त्या दिवसात त्याच एक्सेलमध्ये सेव्ह झालेल्या बाकीच्या फाइल्सही एकेक करून तशाच.

आणि दोन्ही मशीनवर Ctrl+Alt+F9 दाबूनही बेरजा जुळल्या नाहीत, तर मोडला दोष देऊ नका. मग दुसऱ्या कुठल्या फाइलला जोडलेली लिंक शोधा.